ईच-वे लावलं, घोडा तिसरा आला, तरी हातात काहीच नाही. असं का?

हर्णैचा_दर्यावर्दी

नमस्कार मंडळी. मी जहाजावर सेकंड इंजिनिअर आहे, घर हर्णैला. मागच्या महिन्यात आमचं जहाज दुरुस्तीसाठी लिव्हरपूलला गोदीत होतं. तिकडे गावातल्या रस्त्यांवर बुकमेकरची दुकानं आपल्याकडच्या मेडिकलसारखी उघडी असतात. आमच्या क्रूमधल्या एकाने मला नेलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर पैसे लावले.

झालं ते असं. शर्यतीत आठ घोडे होते. मी निवडलेल्या घोड्याचा भाव एकास आठ. मित्र म्हणाला, नुसता ‘विन’ नको लावू, ‘ईच-वे’ लाव, म्हणजे पहिल्या तिनात आला तरी पैसे मिळतात. मी काउंटरवर ‘पाच पौंड ईच-वे’ म्हटलं. बाईंनी दहा पौंड घेतले. मला वाटलं चूक झाली, पण स्लिपवर दहाच छापले होते.

संध्याकाळी टीव्हीवर बघितलं, माझा घोडा तिसरा. दुसऱ्या दिवशी आनंदात स्लिप घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलीने ती मशीनमध्ये घातली आणि ‘यावर काही निघत नाही’ म्हणून परत दिली. मागे रांग होती, माझं इंग्रजी इंजिनरूमपुरतं, मी निमूट बाहेर पडलो. एवढं लक्षात आहे की शर्यत सुटली तेव्हा एक घोडा कमी होता, तो दुपारपर्यंत मागे घेतला होता.

दहा पौंडांचं दुःख नाही. पण मला हिशोब कळला नाही की मनाला लागून राहतं. पाचाचे दहा कसे झाले, आणि तिसरा येऊनही शून्य कसं? कुणी नीट आकडे मांडून समजावेल का?

---

रेवदंड्याचे_तात्या

दर्यावर्दी, मी महालक्ष्मीला तीस वर्षं रेस बघितली आहे. रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरायचो आणि तिथून थेट रेसकोर्स. तेव्हा सांगतो ते अनुभवाचं समज.

विन आणि प्लेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे टोटच्या, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून वाटणाऱ्या, खिडकीवर विनचं तिकीट वेगळं, प्लेसचं वेगळं. विन म्हणजे घोडा पहिलाच आला पाहिजे. प्लेस म्हणजे वरच्या दोन-तीन जागांत आला की चालतं. तुझा मित्र तुला ‘दोन्ही लाव’ असं म्हणाला, म्हणून पाच आणि पाच दहा. इथवर त्या दुकानाने काही खोटं केलेलं नाही.

आता तिसरा येऊन पैसे का नाहीत? प्लेसचे पैसे पूलमधून येतात. सगळ्यांनी प्लेसवर लावलेली रक्कम एकत्र होते, त्यातून क्लबचा आणि सरकारचा वाटा जातो, उरलेलं लागलेल्या तिकिटांत वाटलं जातं. तुझ्या घोड्यावर खूप लोकांनी प्लेस लावलं असेल, तर डिव्हिडंड इतका कमी बसला असेल की हातात काही उरलं नाही.

---

बाबल_मालवणकर

माका ह्या सगळा वाचून माझो जहाजावरचो ग्रँड नॅशनल आठावलो. मेसमध्ये एका टोपयेत सगळ्या घोड्यांच्या नावाच्यो चिठ्ठ्यो. एक पौंड द्यायचो नि एक चिठ्ठी काढायची. माझो घोडो तिसरो इलो आणि माका धा पौंड मेळाले! म्हणजे तिसऱ्याक पैशे असतत, ह्या नक्की. दर्यावर्दीक त्या दुकानवाल्यान फसवल्यान, असा माका वाटता.

---

वेंगुर्ल्याची_सुमन

मी वेंगुर्ल्याची, लग्नानंतर लेस्टरला. इथे एका बुकमेकरच्या दुकानात नऊ वर्षं काउंटरवर होते. दर्यावर्दींनी सांगितलेला प्रसंग मी काउंटरच्या आतल्या बाजूने अनेकदा बघितला आहे. माणूस तिसऱ्या आलेल्या घोड्याची स्लिप घेऊन हसत येतो, आणि त्याला ‘नाही’ सांगावं लागतं. त्यामुळे सावकाश लिहिते.

आधी बाबलभाऊंचं. तुमची ती स्वीपस्टेक. तिथे पैसे सगळ्यांच्या वर्गणीतून येतात, आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्याला किती द्यायचे हे मेसमधल्या मंडळींनी आपसात ठरवलेलं असतं. भाव नाही, बुकमेकर नाही. त्यावरून दर्यावर्दींच्या स्लिपचा अंदाज बांधता येणार नाही.

तात्या, विन आणि प्लेस वेगळे, हे तुमचं अगदी बरोबर. पूलचं मात्र इथे लागू नाही. टोट इंग्लंडातही आहे, आणि टोटवर प्लेस लावलं तर तुम्ही म्हणता तसंच होतं, डिव्हिडंड शर्यत संपल्यावर कळतो. दर्यावर्दींनी लावलं ते बुकमेकरकडे, ठरलेल्या भावाने. तिथे पूल नसतो. प्लेसचा भाव विनच्या भावावरून काढतात, त्याचा ठराविक हिस्सा घेऊन. तो हिस्सा किती आणि किती जागांपर्यंत पैसे, हे शर्यतीत किती घोडे प्रत्यक्ष धावले त्यावर ठरतं. यालाच प्लेस टर्म्स म्हणतात. दुकानाच्या भिंतीवर नियमांचा मोठा कागद लावलेला असतो, त्यात हे असतं. तो कुणी वाचत नाही, हेही खरं.

इथे सर्वसाधारणपणे चालतात त्या टर्म्स अशा. चार किंवा कमी घोडे असतील तर प्लेस नाहीच, फक्त विन. पाच ते सात घोडे असतील तर पहिल्या दोघांना, विनच्या भावाच्या पाव हिश्शाने. आठ किंवा जास्त असतील तर पहिल्या तिघांना, पाचव्या हिश्शाने. हँडिकॅप शर्यतींना, म्हणजे जिथे चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देऊन सगळ्यांना बरोबरीला आणतात, तिथे मोठ्या संख्येला वेगळं आहे. बारा ते पंधरा घोड्यांत तिघांना पाव हिश्शाने, सोळा आणि पुढे चौघांना पाव हिश्शाने.

आता पुन्हा वाचा, दर्यावर्दी. सकाळी आठ घोडे, म्हणजे तीन जागा. दुपारी एक मागे घेतला, धावले सात. सातांना दोनच जागा. तुमचा घोडा तिसरा आला तेव्हा तिसरी जागाच उरली नव्हती.

---

हर्णैचा_दर्यावर्दी

सुमनताई, वाचून अंगावर काटा आला. म्हणजे माझ्या घोड्याने काहीच चूक केली नाही, दुसराच घोडा घरी राहिला म्हणून माझे पैसे गेले?

मी पैसे दिले तेव्हा आठ घोडे होते. मग माझा सौदा आठांचा की सातांचा?

---

वेंगुर्ल्याची_सुमन

सातांचा. भाव तुम्ही घेतला तो सकाळचा, तो स्लिपवर लिहिलेला आहे आणि तो तुमचा. जागा मात्र सुटताना जितके घोडे असतील त्यावर. दुकानाने ‘या शर्यतीला तीन जागा, काहीही झालं तरी’ असं खास जाहीर केलं असेल तरच वेगळं. आठ घोड्यांच्या शर्यतीबद्दल आम्ही काउंटरवरच्या बायका आपसात म्हणायचो, की आता कुठला एक मागे जातो बघूया. सकाळी पाऊस पडला, जमीन मऊ झाली, की ट्रेनर कडक जमिनीवर पळणारा घोडा मागे घेतात. आठाचे सात व्हायला तेवढं पुरतं.

तुमच्या स्लिपचे आकडे मांडते. आधी घोडा मागे न जाता आठही धावले असते असं धरू.

पाच पौंड विनवर, पाच पौंड प्लेसवर. विनचा भाव एकास आठ. प्लेसचा भाव त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे आठाला पाचने भागा, एकास १.६०.

घोडा पहिला आला असता तर दोन्ही भाग लागले असते. विनचे पाच गुणिले आठ, ४० पौंड, आणि लावलेले पाच परत, ४५. प्लेसचे पाच गुणिले १.६०, ८ पौंड, आणि लावलेले पाच परत, १३. एकूण ५८ पौंड. तुमचे दहा वजा केले तर नफा ४८.

दुसरा किंवा तिसरा आला असता तर विनचे पाच गेले आणि प्लेसचे १३ आले. दहा दिले, तेरा मिळाले, नफा तीन पौंड. चौथा किंवा मागे आला तर दहाही गेले.

त्या तीन पौंडांकडे नीट बघा. बहुतेक नवीन लोकांना वाटतं, तिनात आला म्हणजे जिंकलो. एकास आठ भावाच्या घोड्यावर तुम्ही तीन पौंडांसाठी दहा टाकलेले असतात. आणि भाव एकास तीन असता तर? प्लेसचा भाव ०.६०. पाचावर ३ पौंड, आणि पाच परत, आठ. दहा देऊन आठ मिळाले, म्हणजे घोडा दुसरा येऊनही दोन पौंड तोटा. पाचवा हिस्सा असेल तर निदान एकास पाचचा भाव असल्याशिवाय प्लेस लागूनही तुमचे दहा भरून निघत नाहीत. पाव हिस्सा असेल तर निदान एकास चार. काउंटरवर ‘फेव्हरिटवर’, म्हणजे सगळ्यात कमी भावाच्या घोड्यावर, ‘ईच-वे’ म्हणणारा माणूस आला की मला त्याला हे सांगावंसं वाटायचं, पण ग्राहकाने काय लावावं हे सांगायचं नाही असा आम्हाला दंडक होता.

---

देवरूखचे_मास्तर

मी शाळेत गणित शिकवतो, रेस कधी लावली नाही, लावणारही नाही. पण सुमनताईंनी दिलेल्या टर्म्स वाचल्यावर रात्री वही घेऊन बसलो, कारण सात आणि आठमधली ती उडी मला फार खटकली. सात घोड्यांना दोन जागा, आठांना तीन. एका घोड्याने एवढा फरक?

समजा सगळे घोडे अगदी सारखे आहेत आणि भावही अगदी रास्त आहेत, म्हणजे आठ घोड्यांत प्रत्येकी एकास सात. प्लेसचा एक-एक पौंड आठ शर्यतींत लावला. सरासरीने आठांपैकी तीन वेळा आपला घोडा तिनात येणार. प्लेसचा भाव सात भागिले पाच, १.४०, म्हणजे लागला की २.४० हातात. तीन वेळा ७.२० पौंड. आठ लावून ७.२० आले.

आता सात घोडे, प्रत्येकी एकास सहा. सात शर्यतींत सात पौंड. दोन वेळा लागणार. प्लेसचा भाव सहाचा पाव, १.५०, हातात २.५०. दोन वेळा पाच पौंड. सात लावून पाच!

आणि सोळा घोड्यांची हँडिकॅप, प्रत्येकी एकास पंधरा. सोळा शर्यती, सोळा पौंड. चार वेळा लागणार. पंधराचा पाव ३.७५, हातात ४.७५. चार वेळा १९ पौंड. सोळा लावून एकोणीस! म्हणजे इथे दुकानाचंच नुकसान.

माझं गणित कुठे चुकलं का? कारण दुकान असा नियम करून स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेईल, हे पटत नाही.

---

वेंगुर्ल्याची_सुमन

मास्तर, गणित बरोबर आहे. तुम्ही जे एका रात्रीत काढलंत ते समजायला मला काउंटरवर दोन वर्षं लागली.

फरक एवढाच की रास्त भाव दुकान देत नाही. सोळा सारख्या घोड्यांवर एकास पंधरा कुणी लावून ठेवणार नाही, बारा-तेरा ठेवेल. त्यात दुकानाचा वाटा निघतो. बारा धरा: पाव तीन, हातात चार, चार वेळा सोळा. म्हणजे सोळा लावून सोळा. प्लेसच्या भागात दुकान काठावर येतं, विनच्या भागात कमावतं. म्हणून सोळा घोड्यांच्या हँडिकॅपला ईच-वे लावणारे जाणकार लोक दुकानांना नको असतात, असं दुकानवाले सरळ बोलतात.

पण पंधरा घोडे झाले की जागा तीन. तिथेही तीच उडी. सकाळी सोळा होते, दुपारी पंधरा धावले, चौथा आलेला माणूस दर्यावर्दींसारखाच माझ्यापुढे उभा राहायचा.

आणखी एक. खऱ्या शर्यतीत घोडे सारखे नसतात, आणि टर्म्स फक्त घोड्यांची संख्या बघतात, कुठला घोडा किती तोडीचा ते नाही. आठ घोड्यांत एक फार मोठा फेव्हरिट असेल, दोन बरे असतील आणि पाच नावापुरते, तर त्या दोन बऱ्या घोड्यांपैकी एकाला तिसरं येणं सोपं आहे, पण भाव मात्र त्याच्या जिंकण्याच्या शक्यतेवरून ठरलेला, म्हणून मोठा. तिथे प्लेसचा भाग लावणाऱ्याच्या बाजूने झुकतो. उलट सगळे तोडीस तोड असतील तर तेच आठ घोडे दुकानाच्या बाजूचे.

---

रेवदंड्याचे_तात्या

सुमन, पूलबद्दल मी चुकलो, मान्य. टोटच्याच सवयीत आयुष्य गेलं.

पण एक गोष्ट मला अजून पटत नाही. दुकानात बसलेल्या माणसाला माहीत असतं की आठाचे सात झाले तर याच्या पैशावरची तिसरी जागा जाणार. मग तो पैसे घेताना सांगत का नाही? पोरगं परदेशात, पहिल्यांदा लावतंय. हे मला न्यायाचं वाटत नाही.

---

वेंगुर्ल्याची_सुमन

तात्या, याचं माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. शनिवारी दुपारी पंधरा माणसं रांगेत असतात, शर्यत दोन मिनिटांवर असते. नियम भिंतीवर आहे, म्हणजे सांगितलं असं धरतात. विचारलं तर आम्ही सांगायचो. न विचारणाऱ्याला सांगायला हवं होतं का, यावर आमच्यातही दोन मतं होती. मला वाटतं सांगायला हवं.

---

अलिबागची_नेहा

मला वेगळं विचारायचं आहे. आमच्याकडे अलिबागच्या किनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यती होतात, घोडागाड्यांच्याही. सुप्रीम कोर्टाने २०२३ च्या मे महिन्यात बैलगाडा शर्यतीला मान्यता कायम ठेवली तेव्हा गावात पेढे वाटले होते. तिथेही पहिल्या तिघांना बक्षिसं असतात. मग तिथेही हे प्लेसचं लागू होतं का? आणि माझा धाकटा भाऊ फोनवर इंग्लंडच्या रेसवर पैसे लावतो म्हणतो. त्यालाही ‘ईच-वे’ असं बटण दिसतं. हे चालतं का?

---

वेंगुर्ल्याची_सुमन

नेहा, बैलगाडा शर्यतीत बक्षीस गाडीमालकाला मिळतं. बघणाऱ्यांनी पैसे लावायचे नाहीतच, त्या परवानगीत जुगार बसत नाही. तेव्हा तिथे प्लेसचा प्रश्नच येत नाही.

धाकट्या भावाचं मात्र लगेच थांबवा. मी इंग्लंडात परवाना असलेल्या दुकानाबद्दल लिहिते आहे, जिथे दर्यावर्दी स्वतः पायाने चालत गेले. अलिबागला बसून परदेशी ॲपवर पैसे लावणं ही निराळी गोष्ट आहे. तिथे पैसे अडकले तर दाद मागायला कुणी नाही.

---

रेवदंड्याचे_तात्या

नेहा, सुमन म्हणते ते खरं. महाराष्ट्रात घोड्यावर कायदेशीरपणे पैसे लावायचे ते महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर, परवाना असलेल्या टोटवर आणि बुकींकडे. तो कायदाच १९१२ सालचा आहे. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने बंदीचा कायदा केला आहे. भावाला सांग, बँकेचं खातं अडकलं की घरच्यांना निस्तरावं लागतं. आमच्या आळीत असं झालेलं आहे.

---

हर्णैचा_दर्यावर्दी

मला आता माझ्या स्लिपचं पूर्ण चित्र बघायचं आहे. सात घोडे धावले, दोन जागा, पाव हिस्सा. समजा माझा घोडा तिसरा न येता दुसरा आला असता. भाव एकास आठ, पाव म्हणजे दोन. पाचावर दहा, आणि पाच परत, पंधरा. म्हणजे आठ घोड्यांत तेरा मिळाले असते, सातांत पंधरा. माझं बरोबर आहे का? मग घोडा कमी होणं दुसरा येणाऱ्याच्या फायद्याचंच की.

---

वेंगुर्ल्याची_सुमन

हिशोब बरोबर, पण एक गोष्ट राहिली, आणि त्यामुळे ते पंधरा तुमच्या हातात पडले नसते. मागे गेलेल्या घोड्याचा भाव काय होता, आठवतं का?

---

हर्णैचा_दर्यावर्दी

एकास चार. पक्कं आठवतं, कारण मित्र त्याच्यावर लावणार होता आणि मग वाचलो म्हणाला. दुपारी तो घोडा मागे घेतल्यावर मित्राने माझ्याच घोड्यावर लावलं, पण त्याला भाव कमी मिळाला.

---

वेंगुर्ल्याची_सुमन

हे बरं झालं, तुमच्या मित्रामुळे सोपं जाईल.

सकाळी तुम्हाला एकास आठ मिळाला तो आठ घोड्यांत. त्यातला एक चांगला, एकास चारचा घोडा निघून गेला, की बाकी सगळ्यांची शक्यता वाढते. म्हणून दुपारी मित्राला कमी भाव मिळाला. तुमच्याकडे मात्र जुना मोठा भाव राहिला, स्पर्धा मात्र हलकी झाली. हे दुकान तसंच सोडत नाही. नफ्यातून कपात करतं. याला रूल फोर म्हणतात. मागे गेलेला घोडा जितका कमी भावाचा, म्हणजे जितका जिंकण्याजोगा, तितकी कपात मोठी. एकास चारच्या घोड्यासाठी पौंडामागे २० पेन्स. एकास दहा ते चौदाचा असता तर ५ पेन्स. चौदाच्या वरचा असता तर काहीच नाही, कारण त्याच्या जाण्याने कुणाला फरक पडत नाही.

कपात फक्त नफ्यावर, लावलेल्या पैशावर नाही. तुमचं दुसऱ्या क्रमांकाचं उदाहरण घ्या. प्लेसचा नफा दहा, त्यातले वीस टक्के दोन गेले, आठ राहिले, आणि पाच परत. तेरा. म्हणजे आठ घोड्यांत जेवढे मिळाले असते, बरोबर तेवढेच. हे तुमच्या आकड्यांत योगायोगाने जुळलं, नेहमी जुळत नाही.

पहिला आला असता तर विनचे चाळीस, त्यातले आठ गेले, बत्तीस, आणि पाच, सदतीस. प्लेसचे तेरा. एकूण पन्नास. आठ धावले असते तर अठ्ठावन्न मिळाले असते.

---

देवरूखचे_मास्तर

म्हणजे त्या एका घोड्याच्या जाण्याने पहिला आलेल्याचे आठ पौंड कमी झाले, दुसरा आलेल्याला फरक नाही, आणि तिसरा आलेल्याचे तेराच्या तेरा गेले. सर्वात मोठा फटका तिसऱ्यालाच. मुलांना अपूर्णांक शिकवायला हे उदाहरण फार छान होतं, पण वर्गात घोड्याचं नाव काढता येणार नाही. नारळाच्या बागेवर बसवून बघतो.

---

बाबल_मालवणकर

सुमनताय, आता माका समाजला. दर्यावर्दीक कोणी फसवूक नाय, मी चुकीचा बोललंय.

पण ग्रँड नॅशनलाक माझो एक दोस्त दुकानात लावता. तो म्हणता, तकडे सहाव्याक पण पैशे मेळतत. तुमी तर चारच जागा म्हणतास. खरा काय?

---

वेंगुर्ल्याची_सुमन

तुमचा दोस्तही बरोबर आहे, बाबलभाऊ. ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांवरून उड्या मारायची शर्यत, लिव्हरपूलजवळ एंट्री नावाच्या ठिकाणी, एप्रिलमध्ये. २०२४ पासून त्यात जास्तीत जास्त ३४ घोडे, आधी चाळीस असायचे. ती हँडिकॅप आहे, म्हणजे नेहमीच्या टर्म्सने चार जागा, पाव हिस्सा. पण त्या दिवशी गिऱ्हाईक ओढायला दुकानं आपणहून पाच, सहा जागा देतात. मात्र बऱ्याचदा जागा वाढवताना हिस्सा पावावरून पाचव्यावर आणतात. बोर्डवर ‘सहा जागा’ मोठ्या अक्षरात असतं, हिस्सा बारीक अक्षरात.

एकास वीसचा घोडा आणि दोन पौंड ईच-वे धरा, म्हणजे चार पौंड गेले. चार जागा, पाव हिस्सा: चौथा आला तर भाव पाच, दोनावर दहा, आणि दोन परत, बारा. सहा जागा, पाचवा हिस्सा: चौथा आला तर भाव चार, दोनावर आठ, आणि दोन, दहा. पाचवा किंवा सहावा आला तर पहिल्या दुकानात शून्य, दुसऱ्यात दहा. कुठलं बरं, हे घोडा कसा आहे त्यावर. उड्या चुकत नाही पण शेवटी जोर कमी पडतो अशा घोड्याला मी जास्त जागा घेईन. जिंकेल असं वाटत असेल तर पाव हिस्सा.

---

देवरूखचे_मास्तर

इथे मी सुमनताईंशी सहमत नाही. ३४ घोड्यांत दोन जादा जागा म्हणजे चाराच्या सहा, दीडपट संधी. त्याबदल्यात हातात येणारी रक्कम बाराची दहा. जास्त जागा नेहमीच बऱ्या, घोडा कुठलाही असो.

---

वेंगुर्ल्याची_सुमन

प्लेसच्या भागापुरतं बघितलं तर तुमचं बरोबर वाटतं, मास्तर. पण जास्त जागा देणारं दुकान बऱ्याचदा विनचा भावही थोडा कमी ठेवतं. शेजारच्या दुकानात तोच घोडा एकास पंचवीस असेल. मग चौथ्याला पाव हिश्शाने साडेचौदा, आणि जिंकला तर दहा पौंडांहून जास्त फरक. दोन दुकानांचे बोर्ड समोर असल्याशिवाय हा वाद सुटायचा नाही.

---

हर्णैचा_दर्यावर्दी

सगळ्यांचे आभार. आज स्लिपचा फोटो फोनमध्ये सापडला. त्यावर वेळ छापली आहे, सकाळी ९.५०. मित्राने त्याच घोड्यावर लावलं ते दुपारी, घोडा मागे गेल्यावर, पाच पौंड ईच-वे, एकास साडेसहाच्या भावाने. त्यालाही तिसऱ्याचे काही मिळाले नाहीत. पण जिंकला असता तर त्याचीही ती वीस पेन्सची कपात झाली असती का? तसं असेल तर त्याचं दोन्हीकडून नुकसान.

---

वेंगुर्ल्याची_सुमन

नाही. म्हणून ती वेळ महत्त्वाची. कपात फक्त घोडा मागे जाण्याआधी लावलेल्या पैशांवर. त्याने नंतर लावलं, त्याचा भाव सात घोड्यांनुसार आधीच खाली आलेला, म्हणून त्याला कपात नाही. त्याला विनचे पाच गुणिले साडेसहा, साडेबत्तीस, आणि पाच, साडेसदतीस मिळाले असते. तुम्हाला कपातीनंतर सदतीस. बघा, दोघे जवळजवळ एकाच ठिकाणी येता.

पण एका बाबतीत तो तुमच्यापेक्षा बरा होता. त्याने स्लिप घेतली तेव्हा बोर्डवर सात घोडे आणि दोन जागा लिहिलेल्या होत्या. पुढच्या वेळी लिव्हरपूलला गेलात आणि आठ घोड्यांची शर्यत दिसली, तर सुटायला पाच-दहा मिनिटं असेपर्यंत थांबा, बोर्डवर किती उरलेत ते मोजा, मग काउंटरवर या.